खोल्यांची यादी: कागद उभा की आडवा?

नव्या सत्रात मुलं सामान घेऊन वसतिगृहाच्या दारात येतात, तेव्हा सगळ्यांची नजर एकाच कागदावर असते. तो कागद नीट छापला नसेल तर शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर गेलेला असतो, अक्षरं मुंगीएवढी झालेली असतात आणि प्रत्येक जण गृहपालांनाच विचारतो, ‘सर, माझी खोली कुठली?’ छापण्याआधी थोडी मोजणी केली तर हे टळतं.

सर्वांत आधी ठरवायचं ते यादी कोणासाठी आहे. समजा वसतिगृहात 32 खोल्या आहेत आणि प्रत्येकीत तिघं, म्हणजे एकूण 96 मुलं. कार्यालयाच्या यादीत अनुक्रमांक, खोली क्रमांक, नाव, अभ्यासक्रम, गाव, पालकांचा मोबाईल आणि सही असे सात रकाने लागतात. फलकावरच्या यादीला पहिले चार पुरतात. पालकांचे नंबर आणि गावं येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावीत अशा जागी लावूच नयेत. मुलींच्या वसतिगृहात तर याची विशेष काळजी घ्यावी.

आता रुंदी मोजू. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद आणि 297 मिलिमीटर उंच असतो. एक्सेलचा नेहमीचा समास सोडला की उभ्या कागदावर छापायला सुमारे 174 मिलिमीटर रुंदी उरते, आडव्यावर 261. आपले सात रकाने अनुक्रमे 12, 16, 62, 38, 45, 30 आणि 35 मिलिमीटर धरले, तर बेरीज 238 होते. ती उभ्या कागदात कोंबली की सगळा मजकूर 73 टक्क्यांवर येतो आणि 11 पॉइंटचं अक्षर 8 पॉइंटचं होतं. मराठीतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं त्या आकारात वाचताना त्रास होतो. म्हणून कार्यालयाची यादी आडवी छापावी. फलकावरच्या चार रकान्यांची बेरीज मात्र 128 भरते. ती उभ्या कागदात आरामात मावते, नावाचा रकाना थोडा वाढवताही येतो.

रकाने मावत नाहीत म्हणून पुष्कळजण लीगल कागद घेतात. तो उभा धरला तर ए-फोरपेक्षा जेमतेम 6 मिलिमीटर रुंद असतो. उंची मात्र 59 मिलिमीटर जास्त मिळते, म्हणजे सात-आठ ओळी वाढतात. रकाने जास्त असतील तेव्हा उभ्या लीगलचा काही उपयोग होत नाही.

रुंदीवरून कागद उभा की आडवा ते ठरलं, आता उंचीवरून पानं ठरतात. ओळीची उंची 20 पॉइंट, म्हणजे साधारण 7 मिलिमीटर ठेवली तर उभ्या ए-फोरवर 36 ओळी बसतात. शीर्षकाच्या तीन ओळी वजा केल्या की 33 उरतात, म्हणजे बरोबर 11 खोल्या. यादी तीन पानांत संपते. आडव्या कागदावर 21 मुलं, म्हणजे सात खोल्या मावतात आणि पानं पाच होतात.

एका खोलीतली तीन नावं दोन पानांत विभागली जाऊ नयेत, हे फार महत्त्वाचं. एक मुलगा मागच्या पानावर राहिला की खोलीत दोघंच आहेत असं वाटतं. त्यासाठी Page Layout मधल्या Breaks मध्ये जाऊन दर अकराव्या खोलीनंतर हाताने पान तोडावं. मात्र यादी ठरावीक पानांत बसवण्याचा Fit to पर्याय चालू असेल, तर एक्सेल हाताने तोडलेली पानं जुमानत नाही. तेव्हा तो बंद ठेवून Adjust to मध्ये टक्के भरावेत. Print Titles मध्ये Rows to repeat at top इथे शीर्षकाच्या ओळी दिल्या की त्या प्रत्येक पानावर आपोआप येतात.

फलकावर अक्षर मोठं हवं असेल तर ए-फोरची प्रत झेरॉक्सवाल्याकडून 141 टक्क्यांनी वाढवून ए-थ्रीवर काढावी. दोन्ही कागदांचं लांबी-रुंदीचं प्रमाण एकच असल्यामुळे मजकूर कागदभर बसतो आणि 11 पॉइंटचं अक्षर साडेपंधराचं होतं. लीगलची प्रत ए-थ्रीवर 118 टक्क्यांपुढे वाढत नाही, कारण तिची उंची आधी संपते आणि बाजूला मोकळी पट्टी राहते.

शेवटी छापण्याआधी Print Preview उघडून दोन गोष्टी बघाव्यात. पानांची संख्या आपल्या हिशेबाएवढी आहे का? तिनाऐवजी सहा दिसली तर एखादा रकाना उजवीकडे निसटलाय असं समजावं. दुसरं, फाईलमधला कागद आणि ट्रेमधला कागद एकच आहे का? फाईल लीगलवर आणि ट्रेमध्ये ए-फोर असेल तर प्रिंटर अडून बसतो किंवा खालच्या ओळी कापतो. आधी एकच पान काढावं, ते फलकावर लावून दोन पावलं मागून वाचावं, आणि सहज वाचता आलं तरच उरलेली पानं छापावीत.