अँटिबायोटिकचा कोर्स: पूर्ण करायचा की थांबवायचा?

"बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासे होतील." हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्याची मुळं पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९४५च्या नोबेल व्याख्यानापर्यंत जातात. त्यात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणतो आणि अपुरं घेतो. त्याच्या घशातले स्ट्रेप्टोकोकस जंतू त्या औषधाला सरावतात. मग त्याच जंतूंमुळे त्याच्या बायकोला न्यूमोनिया होतो आणि औषध चालत नसल्यानं ती दगावते. गंमत अशी की घशाला त्रास देणारा हा जंतू आज इतक्या वर्षांनंतरही पेनिसिलिनपुढे हार मानतो.

मग औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात कुठे? बहुतेक वेळा आपल्याच आतड्यात आणि त्वचेवर. छातीच्या संसर्गासाठी घेतलेली गोळी फक्त छातीत जात नाही. पोटातल्या लाखो निरुपद्रवी जंतूंवरही तिचा मारा होतो, त्यातले कमकुवत मरतात आणि चिवट उरतात. गोळ्यांचे दिवस जितके जास्त, तितकी या चिवट जंतूंना जास्त मोकळीक. पुढे कधी मूत्रमार्गात किंवा रक्तात संसर्ग झाला, तर तो बऱ्याचदा यांच्यापैकीच कुणाचा तरी असतो. २०१७ साली ब्रिटनमधल्या काही तज्ज्ञांनी 'बीएमजे' या नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला. 'लवकर थांबलात तर प्रतिकार वाढेल' या समजुतीला बहुतेक आजारांत पुरावाच नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्यानं तो वाढतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

न्यूमोनियाचं उदाहरण पाहू. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी मध्यम तीव्रतेच्या न्यूमोनियानं रुग्णालयात दाखल झालेल्यांना आधी तीन दिवस अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला तपासलं. ताप उतरलाय का, नाडी शंभरच्या आत आहे का, श्वास मिनिटाला चोवीसपेक्षा कमी आहे का, रक्तदाब आणि ऑक्सिजन ठीक आहेत का, रुग्ण नीट भानावर आहे का. हे सगळं जमलेल्यांचे दोन गट केले. एका गटाला आणखी पाच दिवस औषध दिलं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पंधराव्या दिवशी आठ दिवस औषध घेतलेल्यांपैकी ६८ टक्के बरे होते आणि तीनच दिवस घेतलेल्यांपैकी ७७ टक्के. यावरून लवकर थांबणारे जास्त बरे होतात असं म्हणता येणार नाही, थांबल्यानं नुकसान झालं नाही एवढंच म्हणता येईल. २०२१मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. या रुग्णांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून आपल्या मनानं गोळ्या सोडल्या नव्हत्या. कुणीतरी नाडी आणि श्वास मोजून ठरवलं होतं. शिवाय अत्यवस्थ रुग्ण आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना लावता येत नाही.

आणि काही आजारांत कोर्स कमी करणं खरोखर महागात पडतं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या कानाच्या संसर्गात दहाऐवजी पाच दिवस औषध दिल्यावर उपचार फसण्याचं प्रमाण १६ वरून ३४ टक्क्यांवर गेलं. स्ट्रेप्टोकोकसमुळे सुजलेला घसा दोन-तीन दिवसांत शांत होतो, पण पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून पेनिसिलिन दहा दिवस द्यायची पद्धत आहे. आपल्याकडे हा झडपांचा आजार अजूनही दिसतो, त्यामुळे तिथे घाई नको. टीबीची गोष्ट तर पूर्ण वेगळी. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं, पण सुप्तावस्थेतले जंतू फुप्फुसात टिकून असतात. नेहमीचा सहा महिन्यांचा उपचार नव्या औषधांच्या जोरावर चार महिन्यांवर आणून पाहिला, तेव्हा थुंकी लवकर स्वच्छ झाली, तरीही नंतर आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. २०१४ साली जाहीर झालेल्या चाचण्यांत हे दिसलं. टीबीत अर्धवट औषध घेतल्यानं प्रतिकारही खरोखर निर्माण होतो, म्हणून तिथे जुना सल्ला शब्दशः पाळायचा.

म्हणून चिठ्ठी हातात पडल्यावरच डॉक्टरांना विचारावं की कोर्स किती दिवसांचा, यापेक्षा कमी चालेल का आणि परत कधी दाखवायचं. मध्येच थांबावंसं वाटलं तर आधी फोन करावा. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात जपून ठेवू नयेत. आणि तिसऱ्या दिवसानंतरही ताप हटला नाही, तर मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणू नये. निदान चुकलेलं असू शकतं किंवा आत कुठे पू साचलेला असू शकतो. अशा वेळी पुन्हा तपासणीच करून घ्यायला हवी.