फोन बंद, व्हिडिओ चालू!

जुन्या टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये क्रोमकास्ट लावा, यूट्यूबवरचं गाणं त्यावर सुरू करा आणि फोन चक्क बंद करा. गाणं थांबत नाही! कारण ते फोनमधून जातच नसतं. फोन फक्त व्हिडिओचा पत्ता कळवतो, पुढे क्रोमकास्ट घरच्या वायफायवरून तो स्वतः आणतं. हे झालं कास्टिंग. २०१३ साली ३५ डॉलरना आलेल्या या छोट्या यंत्राने साध्या टीव्हीलाही ही सोय दिली.

मिररिंगचं गणित उलटं. तिथे फोन आपल्या स्क्रीनचं चित्र अखंड टीव्हीकडे पाठवत राहतो, म्हणून तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. मध्येच आलेला मेसेजही सगळ्या घरादाराला दिसतो, तेव्हा आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावाच. नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स मिररिंगमध्ये बरेचदा नुसता काळा पडदा दाखवतात. डोंगल बिघडलेला नसतो, ते कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप असतं.

पण मिररिंगची एक गंमत मला फार आवडते. मिराकास्ट पद्धतीच्या मिररिंगला ना इंटरनेट लागतं, ना राउटर. फोन आणि मिराकास्ट चालणारा डोंगल थेट एकमेकांशी वायफायने बोलतात. गावच्या घरी ब्रॉडबँड नसलं तरी फोनमधला लग्नाचा अल्बम आजीला टीव्हीवर दाखवता येतो. फक्त आयफोन आणि हल्लीचे पिक्सेल यांत मिराकास्ट नाही. घरात आयफोन असेल तर एअरप्लेही चालणारा डोंगल घ्या.

डोंगल सारखा रीस्टार्ट होतोय? टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून बहुधा फक्त अर्धा अँपिअर मिळतो आणि तो पुरत नाही. भिंतीवरच्या चार्जरला जोडून बघा.

उभा धरून काढलेला व्हिडिओ रुंद टीव्हीचा एक तृतीयांश भागही व्यापत नाही. बाकी सगळं काळं! बारशाचं शूटिंग करताना फोन आडवा धरा.

आणि २०१० च्या आसपासचा, लॅन पोर्ट असलेला टीव्ही असेल तर डोंगल घेण्याआधी त्याच्या मेन्यूत डीएलएनए शोधा. टीव्ही केबलने राउटरला जोडा, अँड्रॉइड फोन त्याच राउटरच्या वायफायवर ठेवा आणि बबलयूपीएनपीसारख्या अ‍ॅपमधून फोटो धाडा. इथे मात्र फाइल फोनमधूनच जाते, त्यामुळे फोन घेऊन कोणी बाजारात गेलं की कार्यक्रम संपला. फोटो दिसतात, पण व्हिडिओचा नुसता आवाज येतो किंवा फॉरमॅट चालत नाही असं टीव्ही सांगतो, तेव्हा दोष बहुधा एचईव्हीसीचा. नवे फोन जागा वाचवायला या पद्धतीने व्हिडिओ साठवतात आणि त्या काळच्या टीव्हीला ती वाचता येत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचईव्हीसी बंद करा; व्हिडिओ आयफोनवर काढत असाल तर Settings, Camera, Formats इथे जाऊन Most Compatible निवडा. आधी काढलेले व्हिडिओ मात्र कन्व्हर्टर अ‍ॅपमधून एच.२६४ मध्ये बदलून घ्यावे लागतील.