रविवारी संध्याकाळी ठरणारी तीन कामं

रविवारी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की अनेकांचा सोमवार डोक्यात सुरू होतो. कोणाला फोन करायचा राहिला, कोणता कागद द्यायचा राहिला, हे नेमकं तेव्हाच आठवतं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले मायकेल स्कलिन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच अवस्थेबद्दल आहे. ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी झालेली कामं लिहिली, तर काहींनी पुढच्या दिवसांत करायची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. त्यातही ज्यांनी कामं तपशिलात लिहिली, ते अधिक लवकर झोपले.

काम पूर्ण न होताच मन शांत कसं होतं? मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याचं उत्तर शोधलं. अर्धवट राहिलेली गोष्ट मनात डोकावत राहते हे खरं, पण ती कधी आणि कशी करायची हे पक्कं ठरलं की ते डोकावणं कमी होतं. काम संपायची वाट पाहावी लागत नाही. रविवार संध्याकाळच्या नियोजनाचा सगळा डोलारा या निष्कर्षावर उभा आहे. म्हणूनच नुसती यादी पुरत नाही, दिवस आणि वेळही ठरवावी लागते.

एक नमुना घेऊ. ठाण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या शाखा व्यवस्थापक. रविवारी साडेसहाला चहा झाल्यावर त्या वही उघडतात आणि डोक्यात असलेलं सगळं उतरवून काढतात. लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल, थकलेले हप्ते, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे विम्याचे कागद, गॅसची नोंदणी, भाचीच्या लग्नाचा आहेर... बघता बघता सतरा गोष्टी होतात. इथे बहुतेक लोक लगेच क्रमांक घालायला घेतात, आणि तिथेच गणित चुकतं. आधी मोजायचे असतात तास.

काउंटर चारला बंद होतो. त्यानंतर सहापर्यंतचे दोन तास त्यांच्या हातात, म्हणजे पाच दिवसांचे दहा. येता शनिवार दुसरा, त्यामुळे बँक बंद. मंगळवारी मुख्य कार्यालयात बैठक आहे, ते दोन तास गेले. उरले आठ. शाखेत आयत्या वेळी काही ना काही उपटतंच, म्हणून त्यातले निम्मे मोकळे ठेवायचे. पाच दिवसांच्या नोकरीतून ठरवून वापरता येणारे तास निघाले फक्त चार! घरी रात्री नऊनंतरचे मिळून आणखी तीनेक तास. हा आकडा डोळ्यांसमोर असला की सतरा कामांची यादी आपोआप नम्र होते.

मग निवड. त्यासाठी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: हे या आठवड्यात झालं नाही, तर पुढच्या रविवारपर्यंत काय बिघडलेलं असेल? गॅसची नोंदणी दोन मिनिटांची आहे, ती कॅलेंडरवर टाकली की संपली. आहेराला अजून महिना आहे. पण पाच कर्जदारांचे हप्ते थकून ऐंशी दिवस होत आलेत, नव्वद ओलांडले की खाती एनपीए होतील. अहवालाची मुदत गुरुवारची आहे. आणि शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात असल्याने विम्याच्या मंजुरीचे कागद शुक्रवारपर्यंत रुग्णालयात पोचायलाच हवेत. झाली तीन कामं. त्यातलं एक घरचं आहे, हे विशेष चांगलं. तिन्ही कामं कचेरीचीच निघाली, तर घरचं काम आठवडाभर मागून ओढत राहतं.

तीनच का, याला थोडा आधार आहे. एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की एका उद्दिष्टासाठी कधी-कुठे-कसं असा तपशील ठरवला तर ते पूर्ण होण्याची शक्यता वाढते. सहा उद्दिष्टांसाठी तसंच केलं, तर हा फायदा उरत नाही. सगळं समोर मांडल्यावर किती अवघड आहे ते दिसतं आणि निर्धारच ढिला पडतो. तीन हा काही जादूचा आकडा नव्हे. धावपळीच्या आठवड्यात दोनही पुरेत. सहा मात्र नकोत.

आता शब्द. ‘अहवालाचं बघायचं’ हे काम नव्हे, कारण ते कधी संपलं हे कळतच नाही. ‘दोषदुरुस्ती अहवाल गुरुवारी साडेपाचला सही करून मुख्य कार्यालयाला पाठवणे’ असं लिहिलं की शेवट दिसतो. पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी सुचवलेली ‘अमुक झालं की तमुक करायचं’ ही जोडणी करायची. सोमवारी काउंटर बंद झाला, की पहिला फोन पहिल्या थकबाकीदाराला. बुधवारी आणि गुरुवारी चार ते साडेपाच अहवाल. मंगळवारी रात्री जेवणं झाली, की आईची पॉलिसी, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत. शुक्रवारी बँकेत जाताना ती पिशवी रुग्णालयाच्या विमा विभागात. कचेरीतल्या चार तासांपैकी एक फोनांना, तीन अहवालाला.

हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत आटपलं पाहिजे. तास उलटला तर समजावं, की नियोजन थांबलं आणि काम सुरू झालं. तसं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कचेरीची मेल उघडणं. ती रविवारी उघडू नये, कॅलेंडर आणि वही पुरते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं लढा दिल्यावर. ती सुट्टी पुन्हा कामाला देऊन टाकण्यात शहाणपण नाही.

ज्या घरात रविवारी पाहुण्यांची वर्दळ असते, तिथल्या बाईला संध्याकाळची वीस मिनिटं मागणं अन्यायाचं आहे. परिचारिका, पोलीस, दुकानदार यांचा आठवडा रविवारी संपतही नाही. त्यांनी आपल्या सुट्टीच्या आदल्या किंवा शेवटच्या तासाला हे करावं, वार कोणताही चालेल. ज्याच्या दिवसाचा एकही तास स्वतःच्या हातात नाही, त्याला मात्र वहीतून तास मिळणार नाहीत. तिथे कामाचा बोजाच कमी करून घ्यावा लागतो.

एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेच काम सलग तिसऱ्या रविवारी यादीत आलं, तर दोष बहुधा आळसाचा नसतो. काम फार मोठं असतं, दुसऱ्या कोणावर तरी अडलेलं असतं, किंवा मनातून ते नकोच असतं. तुकडा पाडावा, त्या माणसाला गाठावं किंवा सरळ खोडून टाकावं.

अंदाज तर चुकतोच. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५. म्हणून प्रत्येक कामापुढे अंदाजाचे तास लिहावेत आणि पुढच्या रविवारी नव्या यादीआधी खरे तास. ठाण्याच्या वहीत तशी नोंद अशी दिसेल: फोन, अंदाज एक, लागला एक. अहवाल, अंदाज तीन, लागले पाच, कारण जुनी व्हाउचर शोधण्यात दोन तास गेले. राखून ठेवलेल्या चारांतून ते दोन निघाले, म्हणून मुदत पाळता आली. पुढच्या अहवालाला आता सुरुवातीलाच पाच तास धरले जातील, आणि व्हाउचर काढून ठेवायला सांगणं हे त्याआधीच्या आठवड्याच्या यादीत येईल.