विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज आला? ‘Accept’ दाबण्याआधी पुढचं तिकीट काढून बघा

यवतमाळ : जिल्ह्यातून विमानाने जायचं म्हटलं की आधी नागपूर गाठावं लागतं. तिथून मुंबई, आणि मुंबईहून दुबई किंवा आणखी कुठं. यातली एक कडी सरकली की पुढचं सगळं बिघडतं. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं. त्यामुळे चार-पाच महिने आधी स्वस्तात काढलेल्या तिकिटाची वेळ नंतर बदलणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

एक उदाहरण घेऊ. दारव्हा तालुक्यातले आई-बाबा दुबईला लेकीकडे निघाले. नागपूर-मुंबई विमान सकाळी 6 चं, मुंबई-दुबई दुपारी 12.30 चं. पहिलं तिकीट माणशी 4,800 रुपये, दुसरं 14,500. महिनाभर आधी मेसेज येतो की नागपूरचं विमान आता 9.40 ला सुटेल. म्हणजे मुंबईत उतरायलाच 11 वाजून जातील. बाहेरदेशीच्या विमानाला तीन तास आधी पोहोचायला सांगतात आणि बॅगा घ्यायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. सामान घेऊन, टर्मिनल बदलून तिथं पोहोचणं होत नाही. ‘साडेतीन तासच तर उशीर आहे’ म्हणून मुलाने Accept दाबलं, की नवी वेळ आपल्याला मान्य आहे असं धरलं जातं. मग फुकटात बदल किंवा पूर्ण रिफंड मागायला तोंड राहत नाही.

इथं सगळ्यात आधी पाहायचं ते पीएनआर. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पुढचं विमान जुळवून देणं कंपनीचं काम. फोन करून सांगायचं, ‘कनेक्शन तुटतंय, दुसरं बसवून द्या.’ पण बरेच जण स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं वेगवेगळी काढतात. मग नागपूरवाल्या कंपनीला दुबईच्या विमानाशी देणंघेणं नसतं. तिनं पूर्ण रिफंड दिला तरी हातात येतात 9,600 रुपये. दुबईचं विमान हुकलं तर तिकडचे 29,000 बुडतात, फक्त विमानतळ शुल्क आणि कर तेवढे परत मागता येतात.

म्हणून अशा वेळी रिफंडला एकदम हात घालू नये. आधी त्याच कंपनीचं पहाटेचं किंवा आदल्या संध्याकाळचं विमान बिनपैशानं मागावं. वेळ कंपनीने बदलली असल्यामुळे बहुतेकदा ते मिळतं. रात्रीच्या मुक्कामाचा खर्च मात्र आपला. तेही जमत नसेल तर मग रिफंड घ्यावा आणि धामणगावहून रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठावी. गाडीलाही उशीर होतो, त्यामुळे एक दिवस आधीची धरलेली बरी. आणि रेल्वेचं तिकीट पक्कं हातात आल्याशिवाय विमानाचं सोडू नये. वेटिंगवर भरवसा ठेवून कोणी दुबईला पोहोचत नाही.

नियम काय सांगतो? विमान रद्द झालं किंवा 6 तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे असा पर्याय प्रवाशाला द्यावा लागतो, असं विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं म्हणणं. आपल्या उदाहरणात फरक 3 तास 40 मिनिटांचा आहे. तिथं कंपनीची स्वतःची अट चालते आणि ती प्रत्येकीची वेगळी. अनेक कंपन्या याहून कमी बदलालाही रिफंड देतात, पण मागितल्याशिवाय नाही.

मागायची जागाही महत्त्वाची. वेळबदलाच्या मेसेजमध्ये जी लिंक येते तिथूनच रिफंड घ्यावा. इंडिगोच्या साइटवर या पानाला Plan B म्हणतात. ते सोडून नेहमीच्या Cancel वर गेलं, तर ‘प्रवाशाने स्वतः रद्द केलं’ असं धरून पैसे कापले जाऊ शकतात. पैशाऐवजी पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट देतो म्हणाले तर घ्यायची सक्ती नाही. ते घ्यायचं की नाही हे प्रवाशानेच ठरवायचं, असा नियमच आहे.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच होते. तिकीट गावातल्या सेंटरवर काढलेलं आणि मोबाइल नंबर सेंटरवाल्याचा. मेसेज त्याच्याकडे जातो, त्याच्या शंभर मेसेजांत हरवतो. उशीर झाला तर एखादवेळी निभतं, पण 9.40 चं विमान 6 वर आलं तर गावातून मध्यरात्रीच्या आधीच निघावं लागतं आणि घरच्यांना पत्ताच नसतो. संपर्काचा नीट नंबर दिलेला नसेल तर भरपाईचा हक्कही जातो. तिकीट काढताना स्वतःचा नंबर टाकून घ्यावा. रिफंडही ज्या खात्यातून पैसे भरले तिथंच जातो, म्हणजे बरेचदा सेंटरवाल्याकडे. तो किती आणि कधी आला ते त्याच्या स्क्रीनवर बघून घ्यावं.

कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नये, तिथं रिफंडच्या नावाखाली ओटीपी मागणारे टपलेलेच असतात. नंबर तिकिटावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून घ्यावा. कंपनी दाद देत नसेल तर मेसेजचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही तिकिटं जोडून airsewa.gov.in वर तक्रार टाकता येते.