‘जय भीम दादा, मी मंगळावरून बोलतोय’

अभ्यासिका किंवा मार्गदर्शन केंद्र चालवणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांच्या फोनवर असे मेसेज येतच असतात. नाव नाही, काम नाही, नुसती मस्करी. आपल्यातले बरेच जण उत्तर देतात, “कोण बोलतंय? नंबर कुठून मिळाला?” आणि मुलगा तिथूनच गायब होतो.

१०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला हे चांगलं ठाऊक आहे. १९९६ साली मुंबईत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली. तेव्हापासून तिथे गप्प बसणारे, हसून फोन ठेवणारे, शिवी देऊन पळणारे असे फोन मोठ्या संख्येने येत आले आहेत. तिथले कार्यकर्ते त्यांना वायफळ मानत नाहीत. पलीकडचा माणूस ओरडतो की ऐकून घेतो, याची ती मुलाने घेतलेली परीक्षा असते. पास झालात तरच खरा फोन येतो.

चिकलठाण्यासारख्या वस्तीत हे आणखी खरं आहे. घरात एकच फोन, शेजारी एमआयडीसीतून शिफ्ट करून आलेला बाप झोपलेला. मुलगा मोकळं कसं लिहिणार? मस्करी अंगाशी आली तर “गंमत केली” म्हणून निसटता येतं. ती त्याची पळवाट आहे, आपण ती बंद करायची नाही.

एक नमुना घेऊ. रात्री नऊला मेसेज येतो, “जय भीम दादा. मी मंगळावरून बोलतोय. तुमच्या अभ्यासिकेत जागा आहे का?”

आपलं उत्तर असं असू शकतं, “जय भीम मंगळवाले! जागा आहे, पण पंखा एकच आहे आणि तो सगळ्यांचा आहे. अभ्यासाला यायचंय की नुसतं बघायला?” यात गमतीला गमतीने एकच वाक्य दिलं आहे आणि शेवटी सोपा प्रश्न आहे. “तुला काही प्रॉब्लेम आहे का?” असं एकदम विचारलं तर “नाही” एवढंच उत्तर येतं. दोन पर्याय दिले की मुलाला त्यातलं एक उचलता येतं.

तो लिहितो, “नुसतं बघायला. आमच्या ग्रहावर अकरावी बंद पडलीय.”

इथे थांबून वाचायचं. खरी गोष्ट विनोदाच्या आडून आली आहे. आता आणखी एक विनोद केला तर दार लागेल आणि लगेच भाषण दिलं तरी लागेल. अर्धं पाऊल टाकायचं, “बातमी मंगळाची असली तरी गंभीर आहे. फीचं अडलंय, घरचं अडलंय, की कॉलेजच नकोसं झालंय?”

वीस मिनिटांनी उत्तर येतं, “फी. पप्पांची कंपनी सुटली.” ही वीस मिनिटं आपण दुसरा मेसेज टाकून भरायची नाहीत. घाई केली की मूल माघार घेतं.

आता मस्करी संपली. “सांगितलंस ते बरं केलंस” म्हणायचं आणि एकच उपयोगी गोष्ट द्यायची. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. ही सगळी यादी त्या रात्री पाठवायची नाही. एवढंच विचारायचं, “उत्पन्नाचा दाखला काढलाय का? नसेल तर उद्या पाचला ये, सेतूचा अर्ज बसून भरू.” वेळ, जागा आणि एक कागद ठरला की मदत खरी होते. “कधीही ये, मी आहे” या वाक्यावर फारसं कुणी येत नाही.

विनोद कशावर करायचा, यालाही मर्यादा आहे. पंख्यावर, परीक्षेवर, स्वतःवर चालेल. मुलाच्या रंगावर, शरीरावर, मुलगी-मित्र या विषयावर नाही. रात्री उशिरा एकट्याने लांबलचक गप्पा मारत बसणंही नको; केंद्राचा फोन दोघांच्या ताब्यात असलेला बरा. मुली असतील तर त्यात एक ताई हवी.

“कुणाला सांगणार नाही ना?” हा प्रश्न हमखास येतो. तिथे हो म्हणू नये. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून उत्तर असं द्यावं, “चव्हाट्यावर नेणार नाही. पण तुला धोका असेल तर जो मदत करू शकतो त्याला सांगावं लागेल, आणि ते तुला आधी सांगून.” काही मुलं इथे थांबतात. थांबू द्यावं, आणि १०९८ देऊन ठेवावा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. २०२३ पासून तो राज्य शासनाकडे असून तेव्हाच तो ११२ शी जोडायला सुरुवात झाली.

मरणाचा विनोद मात्र विनोद म्हणून घ्यायचा नाही. “दादा, आता डायरेक्ट वरच जातो” असं आलं, तर सरळ विचारावं, “जीव द्यावासा वाटतोय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं, तर बोलणं तोडायचं नाही, दुसऱ्या कार्यकर्त्याने टेली-मानसचा १४४१६ लावायचा, आणि मूल जवळपास असेल तर त्याला घेऊन चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपली मिनी घाटी, गाठायची.