मंगळवारचं दप्तर सोमवारी रात्री

दप्तर भरायची वेळ म्हणजे आदल्या रात्रीचं जेवण झाल्यावर. आधी ते पूर्ण रिकामं करायचं, कारण वजन वाढतं ते कालची पुस्तकं तशीच राहिल्यामुळे.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. तिसरीतली मुलगी 22 किलोची असेल, तर मर्यादा 2.2 किलो. रिकामं दप्तर 600 ग्रॅम, भरलेली अर्ध्या लिटरची बाटली 600, डबा 400. म्हणजे वह्या-पुस्तकांना उरतात जेमतेम 600 ग्रॅम! शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असेल, तर बाटली अर्धीच भरावी. पाव किलो तिथेच वाचतं.

मग वेळापत्रकावर बोट ठेवून मुलीनेच तास वाचावेत: मराठी, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, खेळ. एकेका तासाची वस्तू आत गेली की पुढचा तास. खेळाच्या तासाला पुस्तक नाही, पण बूट लागतात. नेमके तेच विसरतात. शेवटी कंपास उघडून पेन्सिलीचं टोक पाहावं आणि गृहपाठाची वही आत आहे ना, हे तपासावं.

डबा मात्र सकाळीच भरायचा. छोट्या सुट्टीत दहाच मिनिटं असतील, तर पोळीचा रोल किंवा केळं बरं. मोठ्या सुट्टीसाठी पोळी आणि सुकी भाजी. रस्सा वह्यांवर सांडतो. झाकण मुलीला स्वतः उघडता येतं का, हे घरीच बघावं. डबा रोज अर्धा परत येत असेल, तर आधी सुट्टी किती मिनिटांची आहे ते विचारावं.