स्क्रीनवरच्या तक्त्याचा फोटो काढताय? मग 1850 चा 1350 कसा होतो ते आधी समजून घ्या

तर झालं असं की, बाजारभावांची पोस्ट करायची होती म्हणून मी एका बाजार समितीत गेले. त्या दिवसाचे दर तिथल्या कॉम्प्युटरवर उघडलेले होते. परवानगी घेतली, मोबाईल काढला, स्क्रीनचा एक फोटो मारला आणि निघाले. घरी येऊन फोटोतले आकडे ॲपने शीटमध्ये उतरवले आणि पोस्ट टाकली.

वीस मिनिटांत एका शेतकऱ्याची कमेंट आली, "ताई, सर्वसाधारण दर जास्तीत जास्त दरापेक्षा मोठा कसा काय?"

बरोबर होतं त्यांचं. कांद्याचा कमीत कमी दर ७००, जास्तीत जास्त १८५० आणि सर्वसाधारण १४०० होता. माझ्या पोस्टमध्ये १८५० चा १३५० झाला होता. क्विंटलमागे ५०० रुपयांचा फरक. हा आकडा वाचून कुणी घरी आलेल्या व्यापाऱ्याला कमी भावात माल दिला असता तर? पोस्ट काढली, फोटो पुन्हा उघडला. कांद्याच्या ओळीवरून एक रंगीत पट्टा गेला होता आणि त्याच जागी ट्यूबलाइटची चमकही पडली होती. स्क्रीनवरचे आकडे इंग्रजी होते, आणि इंग्रजी 8 ची डावी बाजू पुसली की तो 3 दिसतो.

हे पट्टे येतात कुठून?

मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यात लाटांसारखी नक्षी दिसते. ती नक्षी एकाही पदरावर नसते, दोन जाळ्या एकमेकींत अडकल्या की ती तयार होते. इथेही तेच होतं. मॉनिटर म्हणजे बारीक चौकोनांची, म्हणजे पिक्सेलची जाळी. मोबाईलच्या कॅमेऱ्यातला सेन्सर ही दुसरी जाळी. या पट्ट्यांना मॉयरे म्हणतात.

थोडा हिशोब करू. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० पिक्सेल असतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे साधारण ४००० असतात. अख्खा स्क्रीन फोटोत बसवला तर मॉनिटरच्या एका पिक्सेलला कॅमेऱ्याचे जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. एवढ्यात कॅमेऱ्याला तो चौकोन नीट मोजता येत नाही, मग पट्टे उमटतात. तेच अर्धा स्क्रीन घेतला तर एका पिक्सेलला चार मिळतात आणि पट्टे बहुतेक वेळा जातात किंवा अगदी फिके होतात.

म्हणजे सगळा तक्ता एका फोटोत घ्यायचा मोह हीच पहिली चूक.

मग फोटो काढायचा कसा?

त्याआधी एक गोष्ट. कॉम्प्युटर तुमचा असेल तर फोटो काढूच नका, स्क्रीनशॉट घ्या. विंडोजवर Win + Shift + S दाबलं की काम होतं. फोटोची वेळ येते ती कॉम्प्युटर दुसऱ्याचा असतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी तिथे परत गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांना Ctrl दाबून + दोनदा-तीनदा दाबायला सांगितलं, तसा तक्ता मोठा झाला. अक्षर मोठं असलं की एखादा फिका पट्टा आला तरी त्यात अख्खा आकडा बुडत नाही. मग तक्ता दोन भागांत घेतला. २४ इंची मॉनिटर असेल तर अर्धा स्क्रीन चौकटीत बसायला मोबाईल साधारण २० सेंटिमीटरवर येतो. दोन्ही फोटोंत एक ओळ सामाईक ठेवली, म्हणजे जोडताना मधली ओळ हरवत नाही.

पट्टे तरीही दिसले तर मोबाईल बोटभर पुढे-मागे करा किंवा किंचित तिरका धरा. जाळ्यांचं गणित बदललं की पट्टेही बदलतात. फोटो काढल्यावर तो तिथेच पूर्ण मोठा करून बघा. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर लहान करून दाखवलेल्या फोटोत कधीकधी खोटेच पट्टे दिसतात, ते मोठं केल्यावर गायब होतात. मोठं करूनही राहिले तर ते फोटोतच आहेत.

पट्ट्यांचा आणखी एक प्रकार असतो. मोबाईल स्थिर असतानाही सरळ, काळसर पट्टे स्क्रीनवरून सरकताना दिसले तर तो मॉयरे नाही. मॉनिटरचा उजेड वेगाने लुकलुकत असतो, त्याचे ते पट्टे. अशा वेळी मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/६० किंवा १/३० ठेवा आणि हात टेबलावर टेकवा.

चमकेचं काय?

फ्लॅश बंद, हे तर आहेच. बाकी चमक कॅरमच्या स्ट्रायकरसारखी वागते. ज्या कोनातून येते त्याच कोनात पलीकडे निघून जाते. त्या वाटेवर तुमचा कॅमेरा नको, एवढंच बघायचं. एक पाऊल बाजूला सरका, नाहीतर मॉनिटर थोडा खाली वाकवा. मी तर सरळ मागची ट्यूबलाइट दोन मिनिटं बंद करायला सांगितली. पांढरा शर्ट घातला असेल तर तोही स्क्रीनवर दिसतो, गडद कपडे बरे.

फोटोत जिथे पूर्ण पांढरा डाग पडला तिथला आकडा कुठल्याही एडिटिंगने परत येत नाही. म्हणून चमक टळतच नसेल तर दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन फोटो घ्या. डाग जागा बदलतो, आणि एका फोटोत झाकलेला आकडा दुसऱ्यात मिळतो.

हे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखे पाठवले तर फोटो लहान होतो आणि बारीक आकड्यांच्या कडा पुसट होतात.

शीटमध्ये उतरवल्यावर

मोबाईलच्या एक्सेल ॲपमध्ये Data from Picture नावाची सोय आहे. फोटो कापून फक्त तक्ता ठेवायचा, मग ॲप संशयास्पद खाने वेगळे दाखवतं. ते तपासून घ्यायचे. पण ॲपला खात्रीचा वाटलेला आकडाही चुकू शकतो. माझा 1350 असाच निसटला होता.

म्हणून आता मी त्या शेतकऱ्याचीच युक्ती वापरते. C मध्ये कमीत कमी, D मध्ये जास्तीत जास्त आणि E मध्ये सर्वसाधारण दर असेल तर शेजारी हे टाकायचं:

```
=AND(C2<=E2,E2<=D2)
```

FALSE आलं की ती ओळ फोटोशी ताडून बघायची. कांद्याची ओळ इथेच पकडली गेली असती, कारण १४०० हे १३५० पेक्षा मोठे. तक्त्याखाली आवकेची एकूण बेरीज दिलेली असेल तर तीही SUM करून जुळवायची.

या सूत्राने सगळं सापडत नाही. सर्वसाधारण दर १४०० चा १४६० झाला तरी TRUE येईल. त्यामुळे शेवटी एकाने फोटोवरून आकडे मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने शीटवर बोट फिरवायचं. माझ्या तक्त्यात १२ ओळी होत्या, चार रकान्यांचे मिळून ४८ आकडे. आईला वाचायला बसवलं, पाच मिनिटांत झालं.

दुरुस्त पोस्ट टाकली तेव्हा त्यात चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा दोन्ही लिहिले. पहिली कमेंट त्याच शेतकऱ्याची होती, "आता जुळतंय."